शेतीशाळेत पडलेला प्रश्न शिवाराच्या नकाशावर न्या : मराठवाड्यातील कृषी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शेतीशाळा आणि गावपातळीवरचे सूक्ष्म नियोजन यांची जबाबदारी सांभाळणारे कृषी विभागाचे आणि ‘आत्मा’चे अधिकारी

महोदय,

कापसाच्या शेतीशाळा, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने हंगामभर रानातच पाहून शिकायचे वर्ग, घेण्याचं काम मी परभणी-जालना पट्ट्यात करतो. गावाचा आराखडा करताना होणाऱ्या सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनालाही, म्हणजे गावकऱ्यांनीच नकाशे काढून गावाची माहिती मांडायच्या ज्या पद्धतीला आपण सगळे ‘पीआरए’ म्हणतो तिला, मी बसलेलो आहे. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे दोन वेगळ्या फायलींत चालतात. पीआरए सुरुवातीला एकदा होतो, त्यातून आराखडा निघतो, आराखडा मंजूर होतो आणि नकाशे कपाटात जातात. मग खरिपात शेतीशाळा लागते. तिचे वर्ग आणि विषय आधीच ठरलेले असतात, आणि नकाशात काय निघालं होतं हे शेतीशाळा घेणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसतं. माझी मागणी एवढीच आहे की या दोन फायली एकत्र बांधाव्यात. का, ते गुलाबी बोंडअळीच्या एका गावातल्या उदाहरणावरून सांगतो. गावाचं नाव घेत नाही.

एका बाजूला ओढा आणि विहिरी, दुसऱ्या बाजूला चढता माळ, असं ते गाव. शेतीशाळेचं प्रात्यक्षिक ओढ्याकडच्या, रस्त्यालगतच्या एका यजमान शेतकऱ्याच्या रानात होतं. पंचवीस शेतकरी, पाच-पाचांचे पाच गट. सप्टेंबरच्या मध्यावर एका सकाळी सातच्या सुमारास गट रानात शिरले. प्रत्येक गटाने नागमोडी चालत झाडं पाहायची, डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्याने न उमललेली फुलं, मोजायच्या, ढालकिडा, क्रायसोपा आणि कोळी हे किडी खाणारे मित्र दिसले तर लिहायचे, आणि वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडून बांधावर येऊन फोडायची. बोंड वरून चांगलं दिसतं म्हणून सोडायचं नाही. ही अळी अंड्यातून बाहेर पडली की लगेच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते. तिने पाडलेलं छिद्र नंतर बुजून जातं आणि बोंड वरून तुळतुळीत दिसत राहतं. आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. बोंड फोडण्याला पर्याय नाही तो यासाठी.

पाच गटांचे आकडे आले शून्य, एक, एक, तीन आणि सहा. शंभर बोंडांत अकरा अळ्या, म्हणजे ११ टक्के. आपली आर्थिक नुकसानीची पातळी १० टक्के आहे, म्हणजे विसात दोन. कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले तरीही तीच पातळी धरतात. पुस्तकाप्रमाणे सरळ उत्तर होतं की फवारणी करा. माझ्या जागी घाईतला कोणीही असता तर औषधाचं नाव आणि पंपाला किती मिली ते सांगून वर्ग संपवला असता.

शेतीशाळा वेगळी ठरते ती इथे. गटांनी आपापल्या शीटवर झाड काढलं, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर ऊन की ढग, खाली जमिनीतली ओल. मग एकेका गटाने उभं राहून सांगितलं. सहा अळ्यांवाल्या गटाला कुणीतरी विचारलं, ‘तुम्ही कोणत्या कडंनं फिरलात?’ ते गेले होते पूर्वेच्या बांधाने. त्या बांधापलीकडे शेजाऱ्याचा कापूस होता. ठिबकवर मे महिन्याच्या अखेरीस लावलेला, चांगला कमरेच्या वर गेलेला. शून्य आणि एकवाले गट पश्चिमेकडे फिरले होते. यजमान म्हणाला, ‘म्हंजे माझ्या रानात अळी तिकडून यायली.’ मी काही सांगायच्या आत ते वाक्य त्याच्या तोंडून आलं होतं आणि बाकीच्यांनी ते उचललं होतं. शंभर बोंडांची सरासरी काढून मी फवारणी सुचवली असती, तर पूर्वेचा बांध कुणाच्याच लक्षात आला नसता.

शेतीशाळेचा जन्मच अशा निरीक्षणातून झाला आहे. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता. जितकी फवारणी वाढली तितके त्यांना खाणारे कोळी आणि रानातले मिरीड ढेकूण मरत गेले आणि तुडतुडे वाढत गेले. तिथल्या सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. बंदी घातली तरी शेतकऱ्याला रानात काय चाललंय ते स्वतः पाहता यायला हवं होतं, म्हणून १९८९ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने पहिल्या शेतीशाळा तिथे सुरू झाल्या. पीक हंगामभर रानात उभं, गट दर आठवड्याला त्याच रानात, आणि ‘हे काय आहे?’ असं कुणी विचारलं तर प्रशिक्षकाने ‘कुठं सापडलं? ते काय खात होतं?’ असं उलट विचारायचं, ही तिची चाल तेव्हापासूनची आहे.

आता परत पूर्वेच्या बांधाकडे. शेजाऱ्याच्या रानातून पतंग येतात हे पंचवीस जणांना कळलं. पण तो शेजारी त्या पंचवीस जणांत नव्हता. कळूनही करायचं काय?

हा प्रश्न एका गटाच्या एका रानात सुटणारा नाही, कारण ही कीड गावभर फिरते. तिच्या वर्षभराच्या चक्रात दोन जागा नाजूक आहेत. हंगामाच्या शेवटी अळ्या उरलेल्या बोंडांत, सरकीत आणि पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत जातात. मे-जूनमध्ये वातावरण दमट झालं की पतंग बाहेर पडतात. तेव्हा शिवारात पात्या-फुलांवर आलेला कापूस नसेल तर ते अंडी न घालताच मरतात. म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवा, फरदड घेऊ नका, म्हणजे त्याच कापसाला पाणी देऊन तो पुढे ठेवू नका, आणि हंगामापूर्वी लागवड करू नका असं आपण सांगतो. अलीकडे काही वर्षं ठरलेल्या तारखेआधी कापसाचं बियाणं शेतकऱ्याला विकू दिलं नाही, तेही याचसाठी. मे अखेरीस ठिबकवर लावलेला कापूस जुलैच्या मध्यावर फुलतो. पावसावर जूनच्या शेवटी लावलेला ऑगस्टच्या मध्यावर. मधल्या महिनाभरात अळीची एक पिढी लवकरच्या कापसावर पोसली जाते आणि तिचे पतंग उशिराच्या कापसावर उतरतात.

हे सगळं मी शेतीशाळेत फळ्यावर काढून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण २०१७ च्या खरिपात बोंडअळीने आपल्या भागाची जी दैना केली, तेव्हापासून फरदडीविरुद्धची ही भिंतीवरची घोषणा गावागावांत आहे, आणि फरदडही आहे. ज्याला माहीत आहे तोच फरदड ठेवतो. असं असताना आणखी एक वर्ग घेऊन काय निघणार? लोक का ठेवतात ते विचारायला हवं होतं. त्यासाठी शेतीशाळेत हत्यार नाही. ते पीआरएमध्ये आहे.

आराखड्यासाठी गावात पीआरए आधीच झालेला होता. त्याचा नकाशा मी पाहिला. तो चार्ट पेपरवर स्केचपेनने एकाच हाताने काढलेला होता. मंदिर, शाळा आणि ग्रामपंचायत मोठी, माळाकडची वस्ती एका कोपऱ्यात चार चौकोनांची. मागण्यांची यादी योजनेच्या यादीशी ओळीने जुळत होती: शेततळं, ठिबक, शेडनेट. लोकांनी काय मिळतं ते आधी विचारलं होतं आणि तेच मागितलं होतं. यात लबाडी नाही. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण त्या यादीतून फरदडीबद्दल अक्षर कळत नव्हतं.

म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा बसलो. या वेळी आराखडा करायचा नव्हता, प्रश्न एकच होता: कोणाच्या रानात कापूस कधी लागतो आणि कधी उपटतो? देवळासमोरच्या फरशीवर खडूने ओढा आणि रस्ता काढला आणि खडू सोडून दिला. विहिरींना खडे, मेमधल्या लागवडीला पिवळी फुलं, मार्चपर्यंत ठेवलेल्या फरदडीला वाळकी पानं. तासाभरात चित्र समोर आलं. फुलं आणि पानं दोन्ही ओढ्याच्या पट्ट्यात दाटली होती. माळावर ना फूल ना पान. माळावरच्यांना पाणीच नाही. त्यांचा कापूस डिसेंबरात आपोआप वाळतो. म्हणजे फरदड बंद करा हे आपण माळावरच्यांना सांगत होतो, ज्यांनी ती कधी ठेवलीच नव्हती, आणि ओढ्याकाठचे फरदडवाले शेतीशाळेत येत नव्हते. माळावरच्या दोघा-तिघांनी तिथेच ओढ्याकाठच्यांकडे पाहिलं. वातावरण थोडं तापलं. असं होतं, आणि पीआरए घेणाऱ्याला ते निभावता यायला हवं. आम्ही लगेच शिवारफेरीला निघालो. नकाशावर खडा असलेल्या दोन विहिरी प्रत्यक्षात कोरड्या निघाल्या, आणि नकाशावर नसलेली एक उशिराची लागवड सापडली. नकाशा रानात पडताळल्याशिवाय खरा धरायचा नाही.

पुढचा तुकडा महत्त्वाचा. ओढ्याकाठच्या पुरुषांबरोबर वर्षाचे बारा महिने आडवे मांडले आणि प्रत्येक महिन्यात पैसा किती येतो, किती जातो ते ज्वारीच्या दाण्यांनी दाखवायला सांगितलं. जाणारे दाणे जून, जुलै आणि ऑक्टोबरला ढिगाने पडले. मार्च-एप्रिललाही पडले, लग्नसराई म्हणून. आणि येणाऱ्या रकान्यात मार्चला फरदडीचे थोडे दाणे होते. थोडेच, पण त्या महिन्यात दुसरं काहीच नव्हतं. फरदड तोट्याची आहे हे त्यांना मान्य होतं. पाणी, खत आणि वेचणी वजा केली तर हातात फार उरत नाही, कवडी कापसाला व्यापारी भाव पाडतो. तरी मार्चला काहीतरी हवं होतं. मग चर्चा वळली जानेवारीत पेरायच्या उन्हाळी भुईमुगाकडे. त्याचा पैसा मेच्या शेवटी, बियाण्या-खताच्या खरेदीआधी येतो. तो मार्चची गरज भागवत नाही, हे एकाने लगेच दाखवलं. काही जण तरी कबूल झाले, काही नाही. डिसेंबरात कापूस उपटून भुईमूग किंवा तीळ घेऊ, असं म्हणणाऱ्यांची रानं एकमेकांना लागून आहेत का हेही नकाशावर दिसत होतं. अशा किडीत विखुरलेल्या दहा एकरांपेक्षा सलग पाच एकर जास्त कामाचे.

बायकांबरोबरची बैठक आम्ही वेगळी घेतली, आणि रानात घेतली. गावातल्या सभेत त्या मागे उभ्या राहतात, बोलत नाहीत. संध्याकाळी स्वयंपाक. वेचणीच्या दिवसांत त्यांना वेळ मिळतो तो दुपारी शिदोरी सोडल्यावर. त्यांनी महिन्यांवर खडे ठेवले ते कामाचे. आणि पुरुषांच्या बैठकीत एकदाही न आलेली गोष्ट तिथे निघाली: पऱ्हाटी. कापूस संपला की पऱ्हाट्या उपटून घराशेजारी रचतात, कारण पावसाळ्यापर्यंत चूल त्यावर चालते. त्यांच्यावर वाळकी, न उमललेली बोंडं तशीच असतात. सुप्त अळ्या त्यांतच बसलेल्या. आपण शेतीशाळेत ‘पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावा’ असं एका ओळीत सांगतो. ती ओळ ज्यांना सांगायला हवी त्या शेतीशाळेत नसतात, आणि ज्यांना सांगतो त्यांनी चूल पेटवलेली नसते. एक बाई म्हणाली, ‘पऱ्हाटी जाळून टाका म्हणता, मंग सैपाक कशावर करावं? टाकी भरायला पैसे तुमी देता का?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आपल्या कुठल्या माहितीपत्रकातही नाही. श्रेडर भाड्याने आणायचा तर तालुक्यात तेव्हा मिळत नव्हता. शेवटी त्यांनीच पर्याय काढला: शेवटच्या वेचणीनंतर रानात शेळ्या सोडायच्या. त्या हिरवी बोंडं आणि पाला खातात, आणि त्यांच्यासोबत आतल्या अळ्याही संपतात. उरलेली वाळकी बोंडं झाडून जागीच पेटवायची, आणि मगच पऱ्हाटी घराकडे न्यायची. यात बायकांचं काम वाढतं, हे लपवण्यात अर्थ नाही. ते काम कोण करणार यावर त्यांच्यात आणि घरच्या पुरुषांत वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

आणि एक. त्या गावची काही कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परततात. बीडकडच्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. आपली शेतीशाळा डिसेंबरात संपते, आपला आराखड्याचा पीआरए बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होतो. म्हणजे शेतीशाळेच्या शेवटच्या वर्गांत ती कुटुंबं नाहीत, आणि पीआरएत तर नाहीतच. ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की बाहेरून येणारा अधिकारी रस्त्याकडेची घरं पाहतो, कोरड्या ऋतूत येतो, पुरुषांना आणि पुढाऱ्यांना भेटतो, आणि खरी गरिबी त्याच्या नजरेतून सुटते. हीच खोड मोडण्यासाठी १९८८ च्या सुमारास केनियात आणि आपल्या गुजरात-कर्नाटकात, आगा खान ग्रामीण सहाय्य कार्यक्रम आणि मायराडा या संस्थांच्या कामातून, पीआरए उभा राहिला. तोच पीआरए आपण देवळासमोर, जानेवारीत, पुढाऱ्यांबरोबर घेतो याला काय म्हणावं?

म्हणजे पीआरए श्रेष्ठ, असं मी म्हणत नाही. त्या खडूच्या नकाशावर शंभर माणसं बसली असती तरी बोंडाच्या आतली अळी तिथे दिसली नसती. लोकांना जे आधीच माहीत आहे ते पीआरए मांडतो, जुळवतो आणि कोणाचं ऐकू येत नाही ते दाखवतो. जे कुणालाच माहीत नाही ते तो शोधत नाही. ते शोधायला रान, चाकू, बोंड आणि आठवड्याला परत येणारे पंचवीस जण लागतात. उलट शेतीशाळेत शिकलेला माणूस शेजाऱ्याला शिकवेल हा जो आपला भरवसा आहे, त्यालाही आधार कमी आहे. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी इंडोनेशियातल्या शेतीशाळांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना उत्पादनावर आणि कीटकनाशकांच्या वापरावर ठळक परिणाम आढळला नाही, ना शिकलेल्यांच्या रानात ना त्यांच्या शेजाऱ्यांच्या. पुढे इतरांनी इतर देशांत केलेल्या अभ्यासांत चांगले परिणामही दिसले. पण स्वतः बोंड फोडून मिळालेलं ज्ञान बांधावरच्या गप्पांतून पलीकडे जात नाही, हे मला रानात पटलेलं आहे. ऐकणारा फक्त औषधाचं नाव लक्षात ठेवतो.

म्हणून माझं मागणं ठोस आहे. यजमान शेतकरी आणि पंचवीस जण निवडण्याच्या आधी, मे महिन्यात, एक संध्याकाळ फक्त पिकाच्या प्रश्नाचा नकाशा करा. आमच्या गावात तो आधी झाला असता तर पंचवीसपैकी निम्मे ओढ्याकाठचे असते आणि प्रात्यक्षिक पूर्वेच्या बांधाच्या दोन्ही बाजूंना लागलं असतं. दुसरी बैठक ऑक्टोबरात, शेतीशाळेतून निघालेल्या प्रश्नावर, त्यात बायकांची बैठक वेगळी आणि त्यांच्या वेळेला. दोन्ही बैठकांचा खर्च शेतीशाळेच्याच शीर्षाखाली मान्य करा. आज ऑक्टोबरच्या बैठकीला चहाचा खर्च दाखवायलासुद्धा जागा नाही. आणि शेतीशाळेच्या वर्गसंख्येत दोन वर्ग मोकळे ठेवा, ज्यांचा विषय गट ठरवेल.

तपासणीबद्दलही बोलायला हवं. आज आपण मोबाइलवरचा जागेसह काढलेला फोटो आणि हजेरीपत्रक पाहता. त्यावरून वर्ग झाला एवढंच कळतं. तपासायला जाल तेव्हा पाच गटांच्या शीट मागा. पाचही शीटवर एकच हस्ताक्षर असेल, किंवा सगळ्यांचे आकडे सारखे असतील, तर रानात कोणी गेलेलं नाही. खऱ्या मोजणीत शून्यही येतं आणि सहाही येतं. बांधावर फोडलेल्या बोंडांचा कचरा दिसतो का पाहा. फोटोत सगळ्यांची तोंडं बोलणाऱ्याकडे असतील तर ते भाषण. पीआरएच्या नकाशात माळावरची वस्ती किती मोठी आहे ते पाहा, आणि मागण्यांची यादी योजनेच्या यादीशेजारी ठेवून वाचा.

त्या गावाचा पुढचा हंगाम कसा गेला, हे विचाराल. ओढ्याकाठच्या सलग तुकड्यात फरदड राहिली नाही, आणि तिथे डोमकळ्या आदल्या वर्षापेक्षा उशिरा दिसल्या. पण त्या वर्षी पाऊसही वेगळा पडला होता आणि बियाणंविक्रीची तारीखही कडक पाळली गेली होती. एका गावाच्या एका हंगामावरून मी कुठलाही दावा करणार नाही. निदान प्रत्येक तालुक्यात दोन गावं धरा, एकात शेतीशाळा नेहमीसारखी, दुसऱ्यात नकाशासह, आणि सप्टेंबर ते डिसेंबर दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडची बोंडं फोडून आकडे ठेवा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. मोजणीची पद्धत त्यांच्याकडून पक्की करून घेता येईल. यंदाच्या यजमान शेतकऱ्यांची यादी अंतिम करण्याआधी हे ठरवलंत तर मेमधली पहिली बैठक घेता येईल.

आपला,
परभणी जिल्ह्यातील एक शेतीशाळा प्रशिक्षक